बी नसलेल्या फळाचे बी : त्रिगुणित कलिंगडाचा इतिहास

१/
ज्या फळात बी नाही, त्याचे बी पेरायचे कोठून? बिनबियांच्या कलिंगडाचा सारा इतिहास या एका प्रश्नात सामावलेला आहे. त्याचे उत्तर क्योतो येथील एका गहू-संशोधकाने १९३९ ते १९५१ या काळात शोधले. त्या उत्तरात एक जुने विषारी औषध होते, पेशीविभाजनाचे गणित होते, आणि एक अशी किंमत होती जी शेतकरी आजही प्रत्येक बियाण्यामागे मोजतो.

२/
प्रथम मूळ संज्ञा. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात आणि ती संचांनी येतात. साध्या कलिंगडाच्या एका संचात ११ गुणसूत्रे असतात. एक संच आईकडून, एक बापाकडून, अशी एकूण २२. अशा वनस्पतीला द्विगुणित म्हणतात. दोनाहून अधिक संच असणे म्हणजे बहुगुणितता. निसर्गात ती दुर्मीळ नाही. आपल्या पोळीचा गहू सहा संचांचा आहे, बटाटा चार संचांचा आणि केळे तीन संचांचे.

३/
हितोशी किहारा (१८९३–१९८६) यांचे आयुष्य या संचांच्या मोजदादीत गेले. गव्हाच्या काही जातींत १४, काहींत २८ आणि काहींत ४२ गुणसूत्रे आढळतात. म्हणजे सात-सातांचे दोन, चार आणि सहा संच. हे संच कोणत्या पूर्वजांकडून आले, याचा त्यांनी माग काढला. पोळीच्या गव्हातील तिसऱ्या पूर्वजाची, म्हणजे एका रानगवताची, ओळख त्यांनी १९४४ मध्ये पटवली. त्याच सुमारास अमेरिकेत मॅकफॅडन आणि सिअर्स हे दोघे स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते.

४/
या कामात किहारांना एक गोष्ट वारंवार दिसली. ४२ गुणसूत्रांच्या गव्हाचा २८ गुणसूत्रांच्या गव्हाशी संकर केला, की ३५ गुणसूत्रांची संतती मिळते. त्यातील २८ गुणसूत्रे आपापले जोडीदार शोधून १४ जोड्या बनवतात आणि उरलेली सात एकटी पडतात. परागकण आणि अंडपेशी तयार होताना या एकट्यांची वाटणी बिघडते आणि दाणे कमी भरतात. धान्याच्या पिकात हा दोषच. दाणाच भरला नाही, तर गव्हाचा उपयोग काय?

५/
मात्र ज्या पिकात बी नकोच आहे, तेथे हाच दोष गुण ठरू शकतो. कलिंगड खाताना बिया थुंकाव्या लागतात. ज्या झाडाचे फळ भरते पण बी भरत नाही, असे झाड मुद्दाम घडवता येईल का? त्यासाठी संचांची संख्या विषम हवी, म्हणजे दोनाऐवजी तीन. तीन संचांचे झाड मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे चार संचांच्या झाडाचा दोन संचांच्या झाडाशी संकर. अडचण अशी होती, की चार संचांचे कलिंगड कोणाच्याही शेतात उपलब्ध नव्हते. ते निर्माण करावे लागणार होते.

६/
त्याची किल्ली अमेरिकेत सापडली. न्यू यॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे अल्बर्ट ब्लेकस्ली हे वनस्पतिशास्त्रज्ञ धोतऱ्यावर अनेक वर्षे काम करत होते. आपल्या शिवपूजेतील धोतऱ्याचाच तो भाऊबंद. १९३७ मध्ये ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी जाहीर केले, की कोल्चिसिन या द्रव्याने वनस्पतीची गुणसूत्रे हमखास दुप्पट करता येतात. तोवर असे दुप्पट होणे बहुतांशी योगायोगावर अवलंबून होते.

७/
कोल्चिसिन युरोपात नवे नव्हते. कोल्चिकम नावाच्या कंदवर्गीय फुलझाडातून ते मिळते आणि सांध्यांना सूज आणणाऱ्या गाउट या विकारावर ते झाड शतकानुशतके वापरले जात होते. औषध आणि विष यांतील अंतर तेथे फार थोडे. महाराष्ट्राच्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी हीदेखील त्याच कुळातील. तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते, म्हणूनच ती विषारी मानली जाते.

८/
हे द्रव्य नेमके काय करते? पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या गुणसूत्रांची प्रत काढते. मग बारीक तंतूंचे एक जाळे तयार होते आणि ते निम्मी गुणसूत्रे एका टोकाला, निम्मी दुसऱ्या टोकाला ओढून नेते. कोल्चिसिन हे तंतूच उभे राहू देत नाही. प्रती काढून झालेल्या असतात, पण वाटणी होत नाही. पेशी एकच राहते आणि तिच्यात २२ च्या जागी ४४ गुणसूत्रे साठतात. द्रव्याचा अंमल ओसरला, की ती पेशी पुढे ४४ गुणसूत्रांनीच वाढू लागते.

९/
किहारांनी १९३९ मध्ये कलिंगडावर हे तंत्र वापरण्यास सुरुवात केली. रीत दिसायला साधी होती. रोपाची दोन दले उघडली, की त्यांच्या मधोमध इवलासा शेंडा दिसतो. त्या शेंड्यावर कोल्चिसिनच्या पातळ द्रावणाचे थेंब सोडायचे. द्रावणाची तीव्रता साधारण ०.२ ते ०.४ टक्के. कमी पडले तर काहीच घडत नाही, जास्त झाले तर रोप मरते. जगलेली रोपेही खुरटतात, पाने वेडीवाकडी येतात आणि वाढ काही काळ थांबते.

१०/
त्यातून हाती लागणारे यश तुटपुंजे असते. शेकडो रोपांवर प्रयोग करावा, तेव्हा मोजकी रोपे खरोखर चतुर्गुणित निघतात. आणखी एक फसवणूक असते : शेंड्यातील काही पेशी दुप्पट होतात, काही तशाच राहतात. असे मिश्र झाड वरवर वेगळे दिसते, पण त्याच्या एका वेलीवर चतुर्गुणित फूल आणि दुसरीवर साधे फूल येऊ शकते. म्हणून एका पिढीवर विसंबता येत नाही. त्याचे बी धरून पुढच्या पिढीत पुन्हा पारख करावी लागते.

११/
ही पारख कशी करत? चतुर्गुणित झाडाची पाने जाड, रुंद आणि खरखरीत असतात. फुले मोठी आणि बिया रुंद व फुगीर असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या श्वसनरंध्राशेजारच्या पेशींतील हरितकण मोजले, तर ते साध्या झाडापेक्षा स्पष्टपणे अधिक भरतात. परागकणही मोठे असतात. शेवटचा निर्णय गुणसूत्रे प्रत्यक्ष मोजूनच होत असे. आज पेशीतील एकूण डीएनएचे प्रमाण यंत्राने काही मिनिटांत मोजता येते. किहारांच्या काळी मूळाचे कोवळे टोक रंगवून, काचेवर चिरडून ४४ ठिपके मोजणे हाच मार्ग होता.

१२/
चतुर्गुणित झाड मिळाले, की त्याचा साध्या झाडाशी संकर. येथे एक अट आहे : चतुर्गुणित झाड आईच हवे. उलट केले, म्हणजे साध्या झाडाच्या मादी फुलावर चतुर्गुणिताचा पराग टाकला, तर बी पोकळ निघते आणि रुजत नाही. कारण बीमध्ये गर्भाबरोबर त्याला पोसणारी एक ऊतीही तयार होते. तिला भ्रूणपोष म्हणतात आणि तिच्या वाढीसाठी आईच्या व बापाच्या संचांचे प्रमाण महत्त्वाचे असते. बापाचे पारडे जड झाले, की भ्रूणपोष कोलमडतो आणि गर्भ उपाशी मरतो.

१३/
योग्य दिशेने संकर केला, की आईकडून २२ आणि बापाकडून ११ अशी ३३ गुणसूत्रे असलेले बी मिळते. हेच त्रिगुणित बी. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की या टप्प्यावर बी आहे. ते चतुर्गुणित आईच्या फळात, इतर बियांसारखेच, टरफलासह तयार होते. ते पेरल्यावर जो वेल येतो, त्याच्या फळात बी नसते. आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते : बिनबियांच्या फळाचे बी त्या फळात नसते, ते त्याच्या आईच्या फळात असते.

१४/
त्या वेलाच्या फळात बी का धरत नाही, याचे गणित किहारांनी मांडले. अंडपेशी तयार होताना गुणसूत्रे निम्मी व्हायची असतात. येथे प्रत्येक प्रकारची तीन गुणसूत्रे आहेत. तिघांतील दोन एका बाजूला जातात, एक दुसऱ्या बाजूला. असे ११ प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वाटणी स्वतंत्र, जणू ११ वेळा नाणे उडवावे तशी. बी धरण्यासाठी अंडपेशीत सर्व प्रकार एकेक, म्हणजे नेमकी ११, किंवा सर्व प्रकार दोन-दोन, म्हणजे नेमकी २२ गुणसूत्रे यायला हवीत.

१५/
११ नाण्यांचे सर्व छापे पडण्याची शक्यता २०४८ मध्ये एक. सर्व काटे पडण्याची तितकीच. दोन्ही मिळून १०२४ मध्ये एक. म्हणजे हजारभर अंडपेशींत जेमतेम एक समतोल निघते, बाकी साऱ्या मधल्या कुठल्यातरी संख्येच्या आणि म्हणून निकामी. एका कलिंगडात काही शेकडा बीजांडे असतात. त्यामुळे बहुतेक फळांत एकही पक्के बी धरत नाही. क्वचित एखाद्या फळात एखादे काळे बी सापडते, तो या गणिताला अपवाद नसून त्याचाच भाग आहे.

१६/
फळात दिसणाऱ्या मऊ पांढऱ्या खुणा म्हणजे बियांची रिकामी टरफले. त्यांत गर्भ नसतो आणि त्या कोवळ्या काकडीच्या बियांसारख्या सहज खाल्ल्या जातात. कधी कधी ही रिकामी टरफले कडक आणि तपकिरी होतात. अशा वेळी ग्राहकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. ते बी पेरले तरी उगवणार नाही, कारण आत काहीच नाही.

१७/
आता एक विरोधाभास. बी धरत नसले तरी या वेलाला पराग लागतो. मादी फुलाच्या कुक्षीवर जिवंत पराग रुजला, तरच फळाला वाढण्याची चालना मिळते. त्रिगुणित वेलाचा स्वतःचा पराग निकामी. म्हणून शेतात साध्या द्विगुणित कलिंगडाचे वेल लावावेच लागतात, साधारण दर तीन-चार त्रिगुणित वेलांमागे एक. पराग वाहून नेण्यास मधमाश्या हव्यात. परागदात्या वेलाचे फळ रंगाने वा पट्ट्यांनी वेगळे दिसणारे निवडतात, म्हणजे तोडणीच्या वेळी दोन्ही प्रकार मिसळत नाहीत.

१८/
किहारा आणि निशियामा यांनी हे काम १९४७ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध केले. १९५१ मध्ये किहारांचा सविस्तर निबंध अमेरिकन उद्यानविद्या संस्थेच्या कार्यवृत्तात आला आणि पद्धत जगासमोर मांडली गेली. अमेरिकेत तिचा पाठपुरावा केला तो ओ. जे. आयग्स्टी यांनी. पेशीवरील कोल्चिसिनच्या परिणामाचा अभ्यास त्यांनी १९३८ मध्येच प्रसिद्ध केला होता. पुढे त्यांनी त्रिगुणित कलिंगडाच्या बियाण्याचा व्यवसायच उभारला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही ‘पुसा बेदाना’ हे त्रिगुणित कलिंगड तयार केले. त्यातील आई चतुर्गुणित ‘टेट्रा-२’ आणि बाप ‘पुसा रसाल’. बेदाना म्हणजे फारसीत ‘दाणा नसलेले’. मराठीतला बेदाणा हा शब्दही तेथूनच आलेला.

१९/
शास्त्र १९५१ मध्ये तयार होते, तरीही अमेरिकेच्या बाजारात हे फळ सर्रास दिसू लागण्यास जवळपास चार दशके लागली. अडसर फळात नव्हता, बियाण्यात होता. त्रिगुणित बियाणे साध्या बियाण्यापेक्षा कित्येक पट महाग पडते. ही महागाई व्यापाऱ्याच्या नफेखोरीतून आलेली नाही. ती तीन ठिकाणी साठत जाते : आईत, संकरात आणि उगवणीत.

२०/
पहिले ठिकाण, आई. चतुर्गुणित झाडाच्या पेशीत प्रत्येक प्रकारची चार गुणसूत्रे असतात. वाटणी बहुधा दोन-दोन अशी होते, पण नेहमी नाही. म्हणून त्याचीही प्रजननक्षमता उणी असते. साध्या कलिंगडात काही शेकडा बिया असतात, चतुर्गुणितात बहुधा पन्नास ते शंभर. शिवाय कोल्चिसिनने घडवलेली पहिली झाडे याहूनही वांझोटी असतात. त्यांतून बऱ्यापैकी बी देणारे, गोड आणि एकसारख्या फळांचे वाण निवडण्यात पिढ्यान्‌पिढ्या, म्हणजे कित्येक वर्षे, जातात.

२१/
एक उदाहरण मांडून पाहावे. समजा, हजार बिया हव्या आहेत. साध्या संकरित कलिंगडाच्या एका फळात ४०० बिया धरल्या, तर तीन फळे पुरतात. चतुर्गुणित आईच्या फळात ८० धरल्या, तर तेरा फळे लागतात. म्हणजे चौपटीहून अधिक फळे, आणि ती येण्यासाठी तितक्या अधिक वेली, जमीन, पाणी आणि मजुरी. शेताचा काही भाग बापाच्या वेलींना द्यावा लागतो तो वेगळाच. त्यांच्या फळांतून त्रिगुणित बी मिळत नाही.

२२/
दुसरे ठिकाण, संकर. कलिंगडाच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. आईच्या वेलीवरील नर फुलांचा पराग तिच्याच मादी फुलावर पडला, तर बी चतुर्गुणितच होते. म्हणून मादी फूल उमलण्याआधी संध्याकाळी झाकायचे, सकाळी उघडून त्यावर बापाच्या नर फुलाचा पराग हाताने लावायचा, पुन्हा झाकायचे आणि खूण बांधायची. कलिंगडाचे फूल एकच सकाळ टिकते. ती सकाळ चुकली, की ते फूल गेले. प्रत्येक फळामागे असे माणसाचे हात लागतात.

२३/
हे काम मधमाश्यांवर सोपवले, तर खर्च घटतो पण बियांत भेसळ होते. त्यावर एक जुनी युक्ती आहे. आई बिनपट्ट्यांच्या फिक्या फळाची निवडायची आणि बाप पट्टेरी फळाचा. पट्टे हा प्रभावी गुण आहे. म्हणून खऱ्या त्रिगुणित वेलाला पट्टेरी फळ येते. शेतात ज्या वेलाला बिनपट्ट्यांचे फळ आले, ते बी आईच्याच परागाचे होते आणि त्या फळात बिया असणार. फळ न चिरता ते बाजूला काढता येते. मात्र तोवर त्या वेलाने शेतकऱ्याची जागा आणि हंगाम खर्ची घातलेला असतो.

२४/
तिसरे ठिकाण, उगवण. त्रिगुणित बीचे टरफल हे आईच्या ऊतीचे, म्हणून जाड. आतला गर्भ मात्र लहान आणि अपुरा वाढलेला. दोहोंमध्ये पोकळी राहते. माती ओली झाली, की त्या पोकळीत पाणी भरते आणि गर्भ गुदमरतो. माती गार असली, तर दुबळ्या गर्भाला टरफल फोडता येत नाही. उगवले तरी टरफल अनेकदा दलांना चिकटून राहते आणि रोप वाकडे होते.

२५/
म्हणून हे बी सहसा थेट शेतात पेरत नाहीत. रोपवाटिकेत ट्रेमध्ये, जेमतेम ओलसर मिश्रणात, टोकदार बाजू वर ठेवून ते लावतात. त्यामुळे टरफल सुटण्यास मदत होते. पहिले दोन-तीन दिवस सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सियसची ऊब देतात आणि कोंब दिसू लागले, की तापमान उतरवतात. एवढे करूनही काही बिया वाया जातात. शेतकरी बीची किंमत मोजतो, पण हिशेब शेतात उभ्या राहिलेल्या रोपांचा करावा लागतो. न उगवलेल्या प्रत्येक बीचा भार उगवलेल्या रोपावर पडतो.

२६/
येथे एक शंका रास्त आहे. केळेही बिनबियांचेच, मग त्याचे रोप इतके महाग का नाही? जळगावच्या बागांतील केळे त्रिगुणितच आहे. योगायोग असा, की त्याच्याही एका संचात ११ आणि एकूण ३३ गुणसूत्रे असतात. पण केळीला बियांची गरज पडत नाही. बुंध्याशी फुटलेला मुनवा काढून लावला, की तेच त्रिगुणित झाड पुन्हा उभे राहते. हजारो वर्षांपूर्वी घडलेला संकर माणसाने मुनव्यांतून आजवर टिकवला.

२७/
कलिंगड हंगामी वेल आहे. तीन-चार महिन्यांत तो फळ देऊन वाळतो आणि मुनवा मागे ठेवत नाही. म्हणून दर हंगामासाठी तोच संकर पुन्हा करावा लागतो : पुन्हा तीच कमी बियांची आई, पुन्हा झाकलेली फुले. शेतकऱ्याला आपल्या शेतातून बी राखून ठेवण्याचा मार्गही नाही. वंध्यत्व हाच या फळाचा गुण असल्याने दर वर्षी बियाणे कंपनीच्या दारी जाणे त्याला अटळ ठरते.

२८/
बाजारात एक समजही पसरलेला असतो, की हे फळ इंजेक्शनने किंवा जनुके घुसवून तयार होते. तसे काही नाही. यात परकीय जनुक कोठेही येत नाही. कोल्चिसिनचा थेंब पडतो तो आईच्या कुळातील पहिल्या रोपाच्या शेंड्यावर. ते रोप खाल्ल्या जाणाऱ्या फळाच्या अनेक पिढ्या मागे असते. पुढे उतरतो तो केवळ गुणसूत्रांचा आकडा.

२९/
पुढे चतुर्गुणित वाणे सुधारली, रोपवाटिकांचे तंत्र पक्के झाले आणि अमेरिकेच्या बाजारात बिनबियांचे कलिंगड हेच नेहमीचे कलिंगड झाले. तरीही १९५१ चा आराखडा बदललेला नाही. आजही चार संचांची आई लागते, दोन संचांचा बाप लागतो, आणि शेतात पराग देण्यासाठी बियांचे जुने कलिंगड लागते. जे बी खाणाऱ्याच्या ताटातून नाहीसे झाले, ते बी तयार करण्याचे श्रम दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात, एकेका फुलावर, अजून चालूच आहेत.